बाराशेच्या बुकिंगमधले दोनशे सोळा

घरचं पार्लर ॲपवर टाकावं की नाही, हा विषय आमच्या ब्युटीशियन मैत्रिणींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सारखा निघत असतो. "टाक, खूप कस्टमर मिळतात" म्हणणाऱ्या असतात, "लुटतात गं" म्हणणाऱ्याही असतात. पण नेमके किती लुटतात आणि नेमके किती कस्टमर मिळतात, हे हिशेब मांडून कोणी सांगत नाही. मी टाकलं, हिशेब ठेवला, म्हणून लिहिते आहे.

माझं पार्लर नागपूरच्या मनीषनगरात, आमच्याच फ्लॅटच्या पुढच्या खोलीत आहे. एक खुर्ची, एक बेड, वॅक्स हीटर, स्टीमर, एसी. मदतीला कोणी नाही. वस्तीतल्या बायका, त्यांच्या लेकीसुना, बँकेतल्या दोन-चार जणी, असा बांधलेला कस्टमर आहे. मग ॲपकडे वळायचं कारण काय? बेसा-पिपळ्याकडे गेल्या काही वर्षांत फ्लॅट स्कीमवर फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या. तिथे राहायला आलेली पुण्या-हैदराबादची मुलगी शेजारणीला विचारत नाही, "पार्लर कुठे आहे हो?" ती मोबाइल काढते. तिच्या मोबाइलमध्ये मी नव्हते.

आधी कोणत्या प्रकारचं ॲप, ते बघावं लागतं. एक असतं घरपोच सेवेचं. त्यात भाव ॲप ठरवतं, वॅक्स-फेशियलचं सीलबंद सामान त्यांच्याकडूनच घ्यायचं, आणि बॅग पाठीला लावून तुम्ही कस्टमरच्या घरी जायचं. मे महिन्यात दुपारी अडीच वाजता पंचेचाळीस डिग्रीत स्कूटीवर जरीपटका गाठायचा, तर घरचं पार्लर बंदच करावं लागेल. तो धंदाच वेगळा आहे, म्हणून मी तो सोडला. दुसरं असतं लीडचं. आधी पैसे भरून रिचार्ज करायचा आणि येणाऱ्या प्रत्येक चौकशीमागे त्यातून रक्कम कापली जाणार. तीच चौकशी एकाच वेळी आणखी चार पार्लरना जाते, आणि फोन लागेपर्यंत समोरची म्हणते, "झालं ताई, ठरलं माझं." तिसरं असतं बुकिंगचं. कस्टमर ॲपवर स्लॉट निवडते, पैसे तिथेच भरते आणि माझ्याकडे येते. घरच्या पार्लरला त्यातल्या त्यात हेच बसतं. मी तेच घेतलं.

कागदपत्रांचं फार नाही. आधार, पॅन, बँकेचा कॅन्सल चेक, उद्यम नोंदणी (फुकट असते, ऑनलाइन होते, त्यासाठी कोणाला पाचशे रुपये देऊ नका), कोर्सचं सर्टिफिकेट आणि गुमास्ता. माणसं कामाला नसतील तर गुमास्त्यासाठी फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागते, त्याची पावती चालली. मग ॲपचा एक मुलगा येऊन खोलीचे फोटो काढून गेला. त्याने टॉवेल कुठे ठेवता, स्टरिलायझर आहे का, बाथरूम कोणतं वापरायला देता, सगळं बघितलं. इथपर्यंत त्याचं काम चोख होतं.

खरी गोष्ट ॲग्रीमेंटमध्ये होती. तो मुलगा तोंडी म्हणाला, "मॅडम, फक्त पंचवीस टक्के." मी सही करायच्या आधी दोन गोष्टी विचारल्या. पंचवीस टक्के कशावर? आणि डिस्काउंट कोणाच्या खिशातून? तो हसून म्हणाला, "डिस्काउंट तर ॲप देतं ना मॅडम." कागदावर मात्र उलट लिहिलेलं होतं. पहिल्या बुकिंगवरचा तीस टक्के डिस्काउंट 'पार्टनर फंडेड', म्हणजे माझा. आणि कमिशन 'ग्रॉस बुकिंग व्हॅल्यू'वर, म्हणजे डिस्काउंटच्या आधीच्या मेन्यूतल्या भावावर. वर कमिशनला १८ टक्के जीएसटी. म्हणजे पंचवीस टक्के हे मुळात साडेएकोणतीस असतात. माझी उलाढाल सेवेसाठीच्या २० लाखांच्या मर्यादेच्या पुष्कळ आत आहे, म्हणून माझी जीएसटी नोंदणी नाही. त्यामुळे कमिशनवर भरलेला जीएसटी मला कुठून परतही मिळत नाही. नोंदणी असती तरी काही हाती लागलं नसतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून पार्लरच्या सेवांवरचा जीएसटी १८ वरून ५ टक्के झाला, पण तो इनपुट क्रेडिटशिवाय आहे, म्हणजे आपण आधी भरलेला जीएसटी त्यातून वळता होत नाही. याच बातमीवरून एक बाई मला म्हणाल्या होत्या, "सरकारने पार्लर स्वस्त केलं, तुम्ही काहून नाही करून राहिल्या?" मी त्यांच्याकडून जीएसटी घेतच नव्हते तर कमी काय करणार! ॲपच्या कमिशनवर मात्र तो १८ टक्केच राहिला आहे.

आता एक बुकिंग उलगडून दाखवते. फुल आर्म्स, फुल लेग्ज आणि अंडरआर्म्स रिका वॅक्स, सोबत एक क्लीनअप. माझ्या रेट कार्डावर याचे १,२०० रुपये. सामानाचा खर्च मी एकदा वजनकाट्यावर वॅक्स मोजून काढला होता. वॅक्स साधारण १३० रुपयांचं, क्लीनअपचं एकदा वापरायचं किट ७० चं, आणि पट्ट्या, डिस्पोजेबल चादर, ग्लोव्हज, नंतर लावायचं तेल मिळून ५०. असे २५० गेले. कस्टमर थेट आली तर माझ्याकडे ९५० राहतात. त्यात वीज आणि माझे जवळजवळ दोन तास.

हीच बाई ॲपवरून पहिल्यांदा आली. तीस टक्के सूट जाऊन तिने ८४० भरले. कमिशन १,२०० वर, म्हणजे ३००, त्यावर जीएसटी ५४. पेमेंटचा दोन टक्के चार्ज आणि त्यावरचा जीएसटी मिळून २०. माझ्या खात्यात ४६६ आले. सामानाचे २५० वजा केले की उरले २१६. कमिशन जर कस्टमरने खरोखर भरलेल्या रकमेवर असतं तर ३२२ उरले असते. एका शब्दाने अशा प्रत्येक पहिल्या बुकिंगमागे शंभराच्या वरचा फरक पडतो. म्हणून टक्का किती यापेक्षा टक्का कशावर, हे आधी बघायचं. ॲग्रीमेंटमध्ये तो शब्द सापडत नसेल तर मेल करून विचारायचं आणि उत्तर जपून ठेवायचं. तोंडी उत्तराचा नंतर काही उपयोग नसतो, कारण तो मुलगा तीन महिन्यांत नोकरी सोडून गेलेला असतो.

२१६ हा आकडा ऐकून माझी बहीण म्हणाली, "त्यापेक्षा झोप काढ." पण तेवढ्यावरून ठरवता येत नाही. मंगळवारी सकाळी अकराला माझी खुर्ची रिकामी असते. त्या वेळेत २१६ आले तर ते वरचेच आहेत. तीच बुकिंग शनिवारी संध्याकाळी पाचला आली आणि त्यापायी थेट येणाऱ्या बाईला मी "उद्या या" म्हटलं, तर ९५० सोडून मी २१६ घेतले. शिवाय ती बाई उद्या येईलच असं नाही, तोवर दुसरीकडे जाऊन आलेली असते. ॲपचं डीफॉल्ट सेटिंग सकाळी दहा ते रात्री आठ, सातही दिवस उघडं असं होतं. मी पहिल्याच आठवड्यात ते बदलून सोमवार ते गुरुवार, सकाळी साडेदहा ते एक एवढंच ठेवलं. त्यावर त्यांचा फोन आला की तुमचं लिस्टिंग खाली जाईल. गेलं थोडं. जाऊ दे म्हटलं.

यात नागपूरचं एक वेगळं गणित आहे. उन्हाळ्यात माझी रिकामी वेळ दुपारी बारा ते पाच असते, आणि त्या वेळेला सूट कितीही द्या, कोणी बाहेर पडत नाही. एप्रिलमध्ये मी ते स्लॉट ॲपवर उघडून पाहिले. बुकिंग व्हायची आणि अर्ध्या तासाआधी रद्द व्हायची. बाकी जी यायची ती घामाने निथळत. घामेजल्या कातडीवर वॅक्स धरत नाही. आपल्याकडे घरोघरी कूलर असतो, पण वॅक्सिंगला कूलर उपयोगाचा नाही. दमट हवेत कातडी ओलसरच राहते, पट्टी ओढली की वॅक्स केसांवरून घसरून येतं आणि तीच जागा पुन्हा करावी लागते. कोपराजवळ तर दोनदा ओढलं की लाल होतं. म्हणून एसी पंधरा मिनिटं आधी लावून, तिला बसवून, पाणी देऊन, पावडर लावून मग सुरू करायचं. दोन तासांचे अडीच तास झाले आणि २१६ मधून एसीचं बिल निघालं. उन्हाळ्यातले दुपारचे स्लॉट मी आता उघडतच नाही. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत दुपारी बायका आरामात येतात, तेव्हा उघडते.

आता मुख्य दुखणं. पहिला महिना मला वाटलं, चांगलं चाललंय. सोमवार ते गुरुवार रोज एखादी तरी बुकिंग होतीच. ॲपवर कस्टमरचं फक्त पहिलं नाव दिसतं, नंबर दिसत नाही, फोन केला तर तो मधल्याच नंबरवरून जोडला जातो. कधी नवऱ्याच्या अकाउंटवरून बुकिंग असते, मग पुरुषाचं नाव बघून आधी फोन करून खात्री करावी लागते, कारण मी फक्त बायकांचंच काम करते. एकदा असंच कोणा साहेबांच्या नावाने बुकिंग आली. बेल वाजली, दार उघडलं, तर समोर आमच्याच स्कीममधल्या सी विंगच्या वहिनी. चार वर्षांपासून दर महिन्याला येणाऱ्या.

"अहो वहिनी, मला मेसेज टाकला असता तरी चाललं असतं!"

"ॲपवर तीस टक्के कमी दिसून राहिलं होतं ना ताई. मी म्हटलं, पार्लर तर तुमचंच आहे, तुम्हाला काय फरक पडते?"

त्यांचं काही चुकलं नव्हतं. समोर कमी भाव दिसतो तो कोणीही घेईल. पण ॲपच्या लेखी त्या 'न्यू कस्टमर' होत्या, कारण ॲपवर त्या नव्या होत्या. माझ्याकडे किती वर्षांपासून येतात, हे ॲपला माहीत नाही आणि त्याला त्याचं देणंघेणंही नाही. म्हणजे माझ्याच शेजारणीला माझ्याच घरी आणून दिल्याबद्दल मी ३५४ रुपये कमिशन भरलं, आणि वर सूटही मीच दिली.

त्या दिवसापासून मी डायरीत प्रत्येक ॲप बुकिंगपुढे 'जु' किंवा 'न' लिहायला लागले. जुनी की नवी, हे दार उघडल्यावर कळतंच. मागच्या बुकिंगाही आठवून आठवून लिहिल्या. महिना भरला तेव्हा दिसलं की ॲपवरच्या बायकांपैकी निम्म्याच्या आसपास जुन्याच होत्या. व्हॉट्सॲपवरच्या बुकिंगा जवळजवळ तेवढ्याच घटल्या होत्या. एकूण बायका थोड्याच वाढल्या होत्या आणि हातात येणारा पैसा कमी झाला होता. ॲपच्या डॅशबोर्डवर मात्र हिरवा बाण वर चढत होता. डॅशबोर्ड फक्त त्यांच्या दारातून आलेले मोजतो, माझ्या दारातून गेलेले मोजत नाही. ज्या कोणी ॲपवर असतील त्यांनी एवढं एक करावं: ॲपवर येण्याआधीच्या तीन महिन्यांच्या थेट बुकिंगा आणि आताच्या, शेजारी शेजारी लिहून बघाव्या.

वहिनींसारखी एक बाई कायमची ॲपवर गेली तर काय होतं, तेही काढलं. पहिल्या वेळी मला ९५० ऐवजी २१६ मिळाले, म्हणजे ७३४ चा तोटा. पुढच्या वेळेपासून सूट नसते, तिला पूर्ण १,२०० भरावे लागतात, तरी कमिशन आणि चार्ज जाऊन, सामान वजा करून माझ्याकडे ५६८ राहतात. म्हणजे दर वेळी ३८२ कमी. वर्षातून दहा वेळा आली तर एकाच बाईमागे चार हजारांवर जातात. त्यात मजा अशी की दुसऱ्या वेळेपासून तिलाही काही फायदा नसतो. तरी ती ॲपवरूनच बुक करते, कारण तिथे रात्री अकराला स्लॉट दिसतो आणि मी तेव्हा मेसेज बघत नाही. हे मला उशिरा लक्षात आलं. बायका फक्त डिस्काउंटसाठी जात नव्हत्या, सोयीसाठीही जात होत्या.

म्हणून दोन्ही बाजूंनी उपाय केला. एक, व्हॉट्सॲप बिझनेसवर कॅटलॉग टाकला आणि दर रविवारी रात्री पुढच्या आठवड्याचे मोकळे स्लॉट स्टेटसला लावते. नुसता वेळ लिहून पाठवला की बुक. दोन, जुन्या बायकांसाठी आगाऊ कार्ड काढलं. हेच बाराशेचं पॅकेज घेणाऱ्यांना दहा टक्के सूट, कार्डावर सहा भेटी. दहा टक्के दिले तर मला दर वेळी १२० कमी मिळतात. ३८२ पेक्षा ते परवडतात, शिवाय पैसे आधी हातात. वहिनींनी पहिलं कार्ड घेतलं. "मग तर हेच बरं," म्हणाल्या.

ॲपवरचा मेन्यूही बदलला. ॲग्रीमेंटमध्ये अट होती की ॲपवरचा भाव पार्लरच्या भावापेक्षा जास्त ठेवायचा नाही. काही जणी कमिशन काढायला भाव फुगवतात, मग कोणी कस्टमर पार्लरच्या रेट कार्डाचा फोटो ॲपला पाठवते आणि लिस्टिंग बंद होतं. मी भाव तेच ठेवले, पण सेवा निवडक ठेवल्या. थ्रेडिंग काढून टाकलं. पन्नास रुपयांच्या आयब्रोसाठी ॲप अर्ध्या तासाचा स्लॉट अडवतं, आणि आयब्रो हे तर वस्तीतल्या बाईला दारात आणणारं काम आहे, ते थेटच आलं पाहिजे. रूट टचअपही काढलं, कारण तिथे आधी शेड बघावी लागते, पॅच टेस्ट करावी लागते, ॲपवरून येणारी बाई त्यासाठी दोनदा यायला तयार नसते. ब्रायडल तर कधीच टाकलं नव्हतं. राहिले ते वॅक्स, क्लीनअप, पेडिक्युअरचे मोठे कॉम्बो. पहिल्या तीन महिन्यांनंतर सूट कमी करता येते असं कागदात होतं. मुदत संपली त्या आठवड्यात मेल करून ती पंधरा टक्क्यांवर आणली. स्वतःहून कोणी सांगत नाही.

ॲपने आणलेल्या खऱ्या नव्या बाईला आपल्याकडे वळवायचं का, यावर ग्रुपवर बरीच भांडणं झाली आहेत. ॲग्रीमेंटमध्ये ते करायची मनाई होती. काही जणी बिलासोबत चिठ्ठी देतात, "पुढच्या वेळी डायरेक्ट या, दोनशे कमी." मी देत नाही. जी बाई मला माहीतच नव्हती तिला ॲपने आणलं, तर काही वेळा कमिशन द्यावं हे मला वाजवी वाटतं. पण ॲलर्जी, गरोदरपण, चेहऱ्याला रेटिनॉलची क्रीम चालू आहे का (त्यावर अप्पर लिप वॅक्स केलं तर कातडी सोलून निघते), हे विचारून मी प्रत्येकीचं कार्ड भरते, ॲप असो नसो. आरशापाशी पार्लरच्या नावाची पाटी आहे, त्यावर नंबरही आहे. तिने तो स्वतःहून टिपून घेतला तर मी काही तिचा हात धरणार नाही.

पैसे दर आठवड्याला येतात, पण नुसती जमा झालेली रक्कम बघून काही कळत नाही. सेटलमेंटची शीट उतरवून घ्यावी लागते. त्यात बुकिंगची रक्कम, सूट (माझा वाटा आणि त्यांचा वाटा वेगळा), कमिशन, जीएसटी, चार्ज, असे रकाने असतात. एकदा त्यांनीच दिलेल्या सणाच्या कूपनची रक्कम माझ्या वाट्यात धरलेली सापडली. बुकिंग नंबर टाकून तक्रार केल्यावर पुढच्या आठवड्यात जमा झाली, पण शीट उघडली नसती तर गेलीच होती. टीडीएसही बघायचा. पॅन दिलेला असेल आणि वर्षाची त्या ॲपवरची विक्री ५ लाखांच्या आत असेल, तर माझ्यासारख्या एकट्या व्यक्तीचा कापत नाहीत. पॅन द्यायचं राहिलं तर ५ टक्के कापतात. मैत्रिणीचे असेच कापले गेले. तिने पॅन चढवला होता, पण नावाचं स्पेलिंग आधारशी जुळत नसल्याने तो मंजूरच झाला नव्हता.

सध्या आठवड्याला चार-पाच बुकिंगा ॲपवरून येतात, बहुतेक बेसा रोडकडच्या आणि बहुतेक 'न'. त्यातल्या काही दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा आल्या. एक-दोघींनी आईला आणलं, आणि आई मात्र व्हॉट्सॲपवर येते. एवढ्यापुरतं ॲप मला चालतं.

आता दिवाळीच्या सेलचा मेल आला आहे. सगळ्या सेवांवर चाळीस टक्के, पार्टनर फंडेड, आणि बारीक अक्षरात लिहिलंय की दिलेल्या तारखेपर्यंत नकार कळवला नाही तर आपण सहभागी आहात असं धरलं जाईल. दिवाळीच्या आधीचे दहा दिवस माझ्या दारात तसाही नंबर लागलेला असतो. नकाराचा मेल आजच टाकला, आणि त्या दिवसांचे ॲपवरचे स्लॉटही बंद करून ठेवले, कारण मागच्या वेळी एका मैत्रिणीने नुसता मेल टाकला होता आणि सूट तरीही लागली होती.